अंगणातला तिरका ओढा

दसरा उलटला की बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राची नाहीतर कर्नाटकाची वाट धरतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या भागांतल्या कितीतरी वस्त्यांत मग म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय निघाली. चार वर्षांचं लेकरू मात्र आईबरोबर फडावर जातं, नाहीतर आजीपाशी राहतं. अंगणवाडीचे काही तास सोडले तर त्याचा दिवस अंगणात जातो.

हा लेख त्या अंगणाबद्दल आहे. उशा, लोड, वाकळा, दोर आणि एक बाज एवढ्या घरच्या सामानातून चार वर्षांच्या मुलांसाठी अडथळ्यांची वाट कशी मांडायची, हे इथे नीट पाहायचं आहे. ती मांडताना बीडच्या घराची एक अट पहिल्यापासून धरून चालू. देखरेख करणारी व्यक्ती बहुधा आजी असेल, तिचे गुडघे दुखत असतील, आणि एकेका नातवाला उचलून उशीवर ठेवणं किंवा त्याच्या मागे धावणं तिला जमणार नाही. म्हणून वाट अशी हवी की ओसरीवर बसल्या जागेवरून तिला सगळं दिसेल आणि प्रत्येक लेकरू कुणाचा हात न धरता ती पार करेल.

ही अट अडचणीची वाटते, पण चांगली वाट तिच्यातूनच घडते. जिथे मूल स्वतः चढू शकत नाही तिथे मोठ्या माणसाने त्याला चढवलं, तर उतरणंही त्याला जमत नाही, आणि पडण्याचे बरेच प्रसंग असेच येतात. मुलाने आपल्या ताकदीने गाठलेल्या जागेवरून त्याला बहुधा आपल्या ताकदीने परतताही येतं.

आडवी दोरी आणि तिरकी दोरी

खरा पेच पुढे आहे. एकाच अंगणात पाच-सहा लेकरं असतात आणि सगळी चार वर्षांचीच असली तरी त्यांची शरीरं एका टप्प्यावर नसतात. एखादं दोन्ही पाय जोडून दोन फूट उडी मारतं. दुसरं उडी मारताना अजून एक पाय आधी टाकतं आणि दुसरा मागून ओढतं. तिसऱ्याला एका पायावर चार लंगड्या घालता येतात, चौथं एका पायावर क्षणभरही ठरत नाही. या वयात हे सगळं स्वाभाविक आहे. मग अडथळा कुणाच्या मापाने ठेवायचा?

शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मुस्का मॉस्टन यांनी १९६६ साली ‘टीचिंग फिजिकल एज्युकेशन’ हे पुस्तक लिहिलं. शिकवण्याच्या पद्धतींची त्यांनी जी मांडणी केली, तिच्यातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण दोरीचं आहे. दोन मुलांनी दोरी आडवी धरली आणि बाकीच्यांनी तिच्यावरून उड्या मारल्या, तर थोड्या वेळाने दोरी वर घेतली जाते. ज्यांना जमत नाही ते बाद होतात आणि कडेला बसतात. म्हणजे सरावाची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांचाच सराव आधी थांबतो. दोरीचं एक टोक जमिनीला टेकवलं आणि दुसरं उंच धरलं की दोरी तिरकी होते. मग प्रत्येक मूल आपल्याला झेपेल त्या उंचीवरून उडी मारतं. कुणी बाद होत नाही, आणि कुठून उडी मारायची हा निर्णय मुलाचा राहतो.

चार वर्षांच्या मुलांसाठी ही दोरी हवेत धरायची नाही. पायात अडकलेली ताणलेली दोरी लेकराला तोंडावर पाडते, आणि गळ्याच्या उंचीवरची दोरी त्याहून घातक असते. पण तीच कल्पना जमिनीवर आणता येते. दोन दोर जमिनीवर असे टाकायचे की एका टोकाला ते जवळ येतील आणि दुसऱ्या टोकाला फाकतील. मधली जागा म्हणजे ओढा. अरुंद टोकाशी तो एका पावलात ओलांडता येतो, रुंद टोकाशी जोरात उडी मारावी लागते. आपल्या वाटेचा गाभा हा ओढा आहे, आणि बाकीचे अडथळेही याच न्यायाने मांडायचे आहेत. प्रत्येक ठिकाणी सोपी बाजू आणि अवघड बाजू शेजारी शेजारी असावी आणि निवड लेकराने करावी.

माप लेकराच्या अंगाचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलाची मधली उंची सुमारे १०३ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १६ किलो आहे. आपल्याकडे बरीच लेकरं याहून बुटकी आणि हलकी असतात, म्हणून तक्ता बाजूला ठेवून समोरच्या मुलाचं माप घ्यावं. दोन मापं पुरतात. पहिलं जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं, ते साधारण दहा इंच भरतं. ज्याच्यावर चढायचं आहे ती कुठलीही वस्तू या गुडघ्याहून उंच नको. दुसरं माप मुलाच्या सहज टाकलेल्या पावलाचं. अंगणात थोडी माती भुरभुरून त्याला चालायला लावलं की ठसे उमटतात. उशांमधलं अंतर या पावलावरून ठरतं.

माप गटातल्या सर्वांत लहान लेकराचं घ्यावं, म्हणजे सोपी बाजू सगळ्यांना सोपी राहते. अवघड बाजू किती अवघड करायची ते मुलं दोन दिवसांत दाखवून देतात.

एक अंगण, पाच अडथळे

आता एक अंगण घेऊ. लांबी अठरा फूट, रुंदी बारा फूट. एका लांब बाजूला ओसरी, समोर भिंत, दोन्ही अंगांना कुडाची किंवा विटांची आड. जमीन सारवलेली किंवा साध्या मातीची. असं अंगण मिळालं तर ते गच्चीपेक्षा केव्हाही बरं. मातीवर पावलं घसरत नाहीत आणि पडलं तर सिमेंटइतकं लागत नाही.

वाट सरळ रेषेत मांडू नये. सरळ वाटेला शेवट असतो, आणि शेवट दिसला की मुलं शर्यत लावतात. वाट गोल फिरून सुरुवातीला आली की जिंकणारा उरत नाही आणि लेकरं फेऱ्यावर फेरे घालत राहतात. भिंतीपासून सगळीकडे निदान दोन फूट मोकळे सोडायचे, आणि उडी घेण्याच्या जागेपुढे चार फूट, कारण या वयातली मुलं उडीनंतर पुढे झेपावतात.

ओसरीच्या डाव्या कोपऱ्यापासून समोरच्या भिंतीकडे आठ उशा मांडायच्या. झोपायच्या मऊ उशा इथे चालत नाहीत. पाऊल आत रुततं, घोटा वळतो आणि मूल कडेला कलंडतं. बारदानाच्या दीड फूट लांब आणि फूटभर रुंद पिशव्या शिवून त्यांत जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भराव्यात. जाडी तीन इंच पुरे. कापूस भरला तर महिन्याभरात गोळे होतात आणि पिंजाऱ्याकडे न्यावं लागतं, चिंध्या सपाट राहतात. परीक्षा सोपी आहे. मोठ्या माणसाने उशीवर एका पायाने पाच आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. घोटा डुगडुगला तर उशी सैल आहे, आणखी भरायला हवी.

पहिल्या तीन उशांत पाऊलभर अंतर ठेवायचं. त्यापुढे वाट फुटते. डाव्या हाताला तितक्याच अंतरावर तीन उशा, उजव्या हाताला दीड पावलाच्या अंतरावर दोनच. सोपी आणि अवघड बाजू इथून सुरू होते. उशा कमी असतील तर एकाच रांगेत शेवटचं अंतर वाढवलं तरी चालेल, फक्त त्या मोठ्या अंतरात जमिनीवर पाऊल टाकायची मुभा द्यावी. पाऊल जमिनीला लागलं म्हणजे चूक, असा नियम कुणी करू नये.

समोरच्या भिंतीच्या बाजूला बाज येते. दोरी ताणून रांगायचा अडथळा करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. चार वर्षांच्या मुलांसाठी ती टाळावी, कारण रांगताना मान वर केली की दोरी बरोबर गळ्याशी येते. बाजेखालून रांगताना ही भीती नसते. बाजेच्या ठाव्यापासून जमीन साधारण सव्वा फूट असते, तेवढ्यात लेकरू गुडघ्यांवर जातं. सैल पडून खाली लोंबणारी बाज वापरण्याआधी ताणून घ्यावी, आणि मुलं आत असताना तिच्यावर कुणी बसू नये. ठाव्याच्या कोपऱ्यांना जुनी लुगडी गुंडाळावीत. बाजेवर वाकळ टाकून ती एका बाजूने जमिनीपर्यंत सोडली की आत थोडा अंधार होतो. सगळ्या लेकरांना अंधार आवडत नाही, म्हणून दुसरी लांब बाजू उघडी ठेवायची. घाबरलेलं मूल कडेकडेने उजेडातून जातं. काही दिवसांनी ते स्वतःच अंधाराच्या बाजूला सरकतं.

बाजेनंतर लोड. दोन लोड लांबीने टोकाला टोक लावून ठेवायचे. एका बाजूच्या लोडाला चिकटून तिसरा लोड ठेवायचा आणि ते दोन सुती दोराने दोन ठिकाणी गच्च बांधायचे. म्हणजे एका बाजूला एकेरी लोड, दुसऱ्या बाजूला दुहेरी रुंदी. एकटा लोड गडगडतो, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना विटेएवढ्या गुंडाळलेल्या गोणपाटाची उटी द्यावी. वीट किंवा दगड लावू नये. पलीकडे जुनी गादी. मूल पोटावरून घसरत उतरलं तरी चालेल, पाय टाकून उतरलं तरी चालेल.

तिथून वाट ओसरीकडे वळते आणि मध्ये ओढा येतो. आठ-आठ फुटांचे दोन दोर आडवे टाकायचे. आडेजवळच्या टोकाला दोन दोरांत सहा इंच, अंगणाच्या मध्याकडच्या टोकाला तीन फूट. म्हणजे ओढा दर फुटाला जेमतेम पावणेचार इंचांनी रुंदावतो आणि प्रत्येक लेकराला आपली जागा सापडते. बहुतेक मुलं दीड-दोन फुटांच्या आसपास उड्या मारतील. तीन फुटांच्या टोकाशी फार थोडी जातील, पण ते टोक असू द्यावं, कारण पुढे जायला जागा आहे हे दिसल्याशिवाय मूल पुढे जात नाही.

शेवटी ओसरीच्या कडेने सुरुवातीपर्यंत दोरीची वाट. गोल दोर पायाखाली फिरतो आणि पाय घसरतो. म्हणून तीन बारीक सुती दोरांची वेणी घालावी, ती चपटी पडते. काथ्याचा दोर तळव्यांना टोचतो, नायलॉनचा गुळगुळीत असतो आणि हातातून सरकला तर सोलतो. घरातला जुना सुती कासरा सगळ्यांत उत्तम, फक्त तो सोड्याच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावा आणि सुटलेली टोकं दोऱ्याने घट्ट बांधावीत. वेणीला दोन सौम्य वळणं द्यायची. अवघड चालणं म्हणजे वेणीवरून पावलापुढे पाऊल, सोपं चालणं म्हणजे वेणी दोन पायांमध्ये धरून.

रेषेवरून चालण्याचा हा खेळ बालशिक्षणात जुना आहे. मारिया माँटेसरी यांच्या बालगृहात जमिनीवर लंबवर्तुळ आखून मुलांना त्यावरून चालवत. त्या १९३९ साली भारतात आल्या, पण त्यांची पद्धत त्याआधीच ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी इथल्या मुलांसाठी वळवायला घेतली होती. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला काम नेलं. महागडी साधनं खेड्यात येणार नाहीत हे ओळखून त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं घडवली, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या वस्तीवर, अंगणात नेली. कासऱ्याची वेणी आणि बाजेखालचा बोगदा त्याच रीतीत बसतात.

उशी सरकते तेव्हा

या वाटेवर सगळ्यांत जास्त पडणं होतं ते उशी सरकल्यामुळे. मूल पुढे झेप घेतं, उशी मागे जाते, आणि लेकरू हनुवटीवर येतं. मातीच्या अंगणात बारदान चांगलं धरून राहतं. शहाबादी फरशी, कोबा किंवा टाइल्स असतील तर ते घसरतं. बीड भागात टायरगाड्या आणि ट्रॅक्टर भरपूर, त्यामुळे पंक्चरच्या दुकानात फाटक्या ट्यूब सहज मिळतात. ट्यूब उभी चिरून तिचे वीतभर रुंद पट्टे करावेत, साबणाने धुवावेत आणि उशीच्या खालच्या बाजूला दाभणाने टाके घालून शिवावेत. मग मोठ्या माणसाने उशीला बाजूने पाय मारून पाहायचा. ती हलली तर मुलांसाठी तयार नाही. फरशीवर धूळ बसली की ट्यूबही सरकते, म्हणून खेळाआधी ओलं फडकं फिरवून फरशी पूर्ण सुकू द्यावी.

पायात काही नको, मोजे तर मुळीच नकोत. उघड्या बोटांनी मूल दोर पकडतं. पैंजण आणि वाळे दोरात अडकतात, ते काढून ठेवावेत. गळ्यातला ताईत किंवा काळा दोराही बाजेखाली अडकू शकतो, तो खेळापुरता उतरवावा. बाहेर ठेवलेली उशी किंवा गादी दर वेळी उलटी करून झटकायची, कारण या कोरड्या मुलखात विंचवाला तीच जागा आवडते.

गच्ची असेल तर

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांत अंगणं कमी होत चालली आहेत आणि अनेक घरांना गच्ची तेवढी मोकळी आहे. तिथे वाट मांडता येते, पण आधी गच्ची पाहून घ्यावी. कठडा चारही बाजूंनी पूर्ण आणि निदान एक मीटर उंच हवा. एक बाजू उघडी असेल तर तिथे दोरी बांधून काम भागत नाही, ती गच्ची सोडून द्यावी. कठडा असला तरी त्याच्यापासून सहा फुटांच्या आत उशी, लोड, बाज, पाण्याचा ड्रम असं काहीही नको, कारण मीटरभर उंच कठडा लोडावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या जेमतेम छातीपर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट सळयांची. वरचा मजला पुढे बांधायचा म्हणून कोपऱ्यांवर सळया उघड्या सोडलेल्या असतात, आणि वाकवलेल्या सळयांची टोकं नेमकी लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. त्यांच्यावर जाड गोणपाट बांधून तो कोपराच वाटेबाहेर ठेवावा. तिसरी गोष्ट उन्हाची. फेब्रुवारीनंतर दुपारी तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम राहतो, म्हणून तिथे सकाळचीच वेळ धरावी. आपला तळहात जमिनीवर दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला नाही तर त्या दिवशी खेळ खाली घ्यावा. जुन्या वाड्यांच्या मातीच्या माळवदावर मात्र हा खेळ मांडू नये. लाकडं आतून किती किडली आहेत ते वरून कळत नाही, आणि उजेडासाठी ठेवलेले झरोके पाय जाण्याएवढे असतात.

गच्चीवर आजीच्या ऐवजी जिने चढू शकणारं कुणीतरी पूर्ण वेळ हवं. मधेच फोन घ्यायला खाली जाण्याची सोय तिथे नाही.

ओसरीवरून काय पाहायचं

पहिल्या दिवशी पाचही अडथळे मांडू नयेत. उशा आणि ओढा एवढ्यावर सुरुवात करावी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाज आणि मग उरलेले दोन. एका वेळी वाटेवर चार मुलं पुरेत. पुढचं मूल बाजेखाली शिरलं की मागच्याने पहिल्या उशीवर पाय ठेवायचा, एवढा एकच नियम सांगावा. पंधरा-वीस मिनिटांत लेकरं दमतात आणि दमलेली लेकरं धक्काबुक्की करतात, तेव्हा थांबावं.

वाट नीट बसली की नाही हे लेकराच्या अंगावरून कळतं. हात खांद्यापर्यंत वर उचललेले आणि गुडघे ताठ असतील तर तोल अजून सापडलेला नाही, तिथलं अंतर कमी करावं. उडीनंतर पाय एकामागून एक टेकत असतील तर काही बिघडलेलं नाही. अरुंद टोकाशी आणखी आठवडाभर उड्या मारल्या की पाय बहुधा जुळू लागतात. एखादं मूल दर फेरीला तोच अडथळा टाळून जात असेल तर त्याला रागवू नये, त्या अडथळ्याची सोपी बाजू आणखी सोपी करावी. सगळीच मुलं न थांबता धावत सुटली असतील तर वाट सोपी पडली आहे. बाजेपाशी गर्दी होत असेल तर आत अंधार जास्त आहे, किंवा आधीच्या उशा फार लवकर संपत आहेत.

मदत करायचीच असेल तर हात धरू नये. एक बोट पुढे करावं. बोट धरलेल्या मुलाचा तोल त्याच्याच पायांवर राहतो आणि नको झालं की ते सोडून देतं. “लेकरू पडंल” ही आजीची भीती खरी आहे, पण तीन इंच उशीवरून आणि दहा इंचांच्या लोडावरून मातीवर पडणं हे शिकण्याचा भाग आहे. इजा होते ती गच्चीच्या कडेवरून पडण्याने, सरकत्या उशीने आणि गळ्यातल्या दोरीने. या तीन गोष्टी आधी दूर केल्या की आजी ओसरीवर निवांत बसू शकते.

फडावर जाणाऱ्यांसाठी

लेकरू टोळीबरोबर जात असेल तर बाज आणि लोड गाडीवर जाणार नाहीत. ओढ्याचे दोन दोर मात्र वाकळेत गुंडाळून नेता येतात. कोप्यांच्या मागे, चुलीपासून दूर आणि गाड्या-ट्रॅक्टर वळतात त्या वाटेच्या उलट बाजूला दहा पावलं जागा मिळाली तरी ओढा पडतो. तिथे पाहायला थोरली बहीण किंवा भाऊ असतो, तोही आठ-दहा वर्षांचाच. त्याला एवढंच सांगावं की दोर जमिनीवरच राहील, कुणी तो हातात धरायचा नाही, अंगाला बांधायचा नाही, आणि खेळ संपला की गुंडाळून कोपीत ठेवायचा.

मागे राहिलेल्या अंगणात आठवड्यातून एकदा एकच बदल करावा. या आठवड्यात ओढ्याचं रुंद टोक चार बोटं सरकवलं तर उशांना हात लावू नये. दोन्ही एकदम बदललं तर लेकरू कशाने अडलं ते आजीला कळत नाही. ओढ्याच्या कुठल्या फुटापाशी कोण उडी मारतं, याची आडेवर कोळशाने खूण केली की मार्चअखेरीस आईबाप परततील तेव्हा त्यांना दाखवायला काहीतरी असेल: दिवाळीला सहा इंचांच्या टोकाशी उभं राहणारं त्यांचं लेकरू आता ओढ्याच्या कोणत्या टोकाशी उभं आहे.